चार्ट लागला, पाचातले तीन कन्फर्म आणि दोन वेटिंग. सगळंच तिकीट रद्द केलं तर पैसे मिळतात का?

माणगावचा_नातू | दुपारी ३.१०

मंडळी, जरा घाईत विचारतोय, आज रात्रीचीच गाडी आहे. दादरहून तुतारी, रात्री १२.०५, कुडाळपर्यंत, स्लीपर. एकाच पीएनआरवर आम्ही पाच जण. मी, बायको, बाबा, आई आणि सात वर्षांची मुलगी. साठ दिवस आधी सकाळी ८ ला बसून काढलेलं तिकीट, तेव्हाच पाचही वेटिंग आलं होतं. आत्ता चार्ट लागला तर मी, बायको आणि बाबा कन्फर्म, आणि आई आणि मुलगी दोघी वेटिंग १ आणि २ वर अडकल्या. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, तिला बर्थशिवाय रात्रभर नेणं शक्यच नाही. मावसभावाची गाडी उद्या पहाटे निघतेय, तो म्हणतो या सगळे, जागा आहे. मग आता तिकीट रद्द करायचं तर तिघांचं कन्फर्म आहे म्हणून तिघांचे पैसे गेले का? आणि दोघींचे आपोआप परत येतात का? ॲपमध्ये कॅन्सलला गेलो तर चार्ट तयार झालाय म्हणून होतच नाहीये.

प्रसाद_डोंबिवली | ३.१८

वेटिंगचे पैसे आपोआप येतात, त्याची काळजी नको. चार्ट लागला की वेटिंगवाले तिकिटातून गळतात आणि तीन-चार दिवसांत खात्यात जमा. माझे तीनदा आलेत. कन्फर्मचे मात्र चार्टनंतर शून्य, ते सोडून द्या. तीन माणसांचं नुकसान झालं असं धरा आणि आईला घेऊन गाडीने जा, तब्येत महत्त्वाची.

स्नेहल_ठाणे | ३.२४

प्रसाद म्हणतात तसंच मलाही वाटतं. पण अजून एक करून बघा, बायकोच्या नावाचं कन्फर्म आईच्या नावावर करून घ्या, घरातल्या माणसाला तिकीट बदलून मिळतं ना? आम्ही केलं होतं एकदा, रिझर्व्हेशन ऑफिसला अर्ज आणि नात्याचा पुरावा घेऊन गेलो होतो.

खिडकी_चार | ३.४१

थांबा, घाईघाईने काही करू नका, पैसे सोडूनही देऊ नका. मी तीस वर्षं आरक्षण खिडकीवर काढलीत, आता निवृत्त आहे, ही केस आमच्याकडे गणपतीत रोज यायची.

आधी स्नेहलताईंचं. नाव बदलून मिळतं हे खरं, आईवडील, नवरा-बायको, भाऊबहीण, मुलगा-मुलगी एवढ्यांत मिळतं, पण त्याचा अर्ज गाडी सुटायच्या किमान २४ तास आधी द्यावा लागतो. आता नऊ तासही नाहीत. तो रस्ता बंद.

आता प्रसादराव. तुमचे तीनदा पैसे आपोआप आले, कारण त्या तिकिटावरचे सगळेच्या सगळे वेटिंग राहिले असणार. तसं तिकीट असलं तर चार्टमध्ये त्यांची नावं येतच नाहीत. नाव नाही म्हणजे प्रवास करणार नाही हे सिस्टिमला ठाऊक, म्हणून ती स्वतःच तिकीट रद्द करते आणि माणशी ६० रुपये कापून बाकी परत पाठवते. पण एका पीएनआरवर एक जरी माणूस कन्फर्म किंवा आरएसी झाला की पूर्ण पीएनआर चार्टमध्ये जातो, वेटिंगवाल्यांच्या नावासकट. मग सिस्टिम धरून चालते की ही मंडळी गाडीत चढणार आहेत. त्यामुळे या पाचांपैकी कुणाचेही पैसे आपोआप येणार नाहीत, आईचेही नाही. काही न करता घरी बसलात तर पाचही गेले.

आणि कन्फर्मचे शून्य हे नुसत्या कन्फर्म तिकिटाला खरं आहे, अशा मिसळलेल्या तिकिटाला नाही. २०१५ च्या रिफंड नियमात याची वेगळी सोय आहे. पार्टी किंवा फॅमिली ई-तिकिटावर काही कन्फर्म आणि काही आरएसी किंवा वेटिंग असतील, आणि सगळ्यांचं तिकीट गाडीच्या सुटायच्या वेळेच्या ३० मिनिटं आधीपर्यंत ऑनलाइन रद्द केलं किंवा सगळ्यांचा टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा ऑनलाइन अर्ज, भरला, तर कन्फर्मवाल्यांचेही पैसे मिळतात, फक्त क्लर्केज कापून. क्लर्केज म्हणजे तेच माणशी ६०. कुटुंब तोडून पाठवणं कुणालाच शक्य नसतं म्हणून ही सोय आहे. दुर्दैवाने अगदी रोज प्रवास करणाऱ्यांनाही माहीत नसते, आणि खिडकीशी तासन् तास वाद घालून लोक पैसे सोडून जायचे, ते बघवत नसे.

माणगावचा_नातू | ३.५३

काका जीव भांड्यात पडला! म्हणजे ३५० च्या आसपास भाडं आहे माणशी, पाचांचे १७५०, त्यातून ३०० जाऊन १४५० मिळतील असं का? आणि वेळ किती आहे माझ्याकडे, तिकिटावर तारीख १२ आहे, म्हणजे उद्या रात्रीपर्यंत?

खिडकी_चार | ४.०२

हिशोब बरोबर. बुकिंग करताना वेबसाइट जो सुविधा शुल्क घेते तो मात्र परत येत नाही, तेवढा १७५० मध्ये धरू नका. स्लीपर असल्याने क्लर्केजवर जीएसटी नाही, एसीत असता तर ६० वर थोडा जीएसटीही गेला असता.

पण तारखेत मोठी चूक करताय, जपा. १२ तारखेची रात्रीची १२.०५ म्हणजे आज ११ तारीख संपली की पाच मिनिटांनी सुटणारी गाडी. तुमची मुदत आज रात्री ११.३५. मध्यरात्रीच्या गाड्यांत किती माणसं याला फसतात, चढायला सुद्धा दुसऱ्या दिवशी रात्री येतात आणि मग गाडी काल गेली म्हणून रडतात. आज ९ च्या आत भरून टाका, ११.३५ ची वाट बघू नका, सणाच्या रात्री साइट चिकटते.

माणगावचा_नातू | ४.०६

बाप रे, मी उद्या सकाळी निवांत करणार होतो. तेव्हा तर गाडी रत्नागिरीच्या पुढे गेलेली असती.

वैशाली_कणकवली | ४.१५

आम्ही मागच्या गणपतीत असंच केलं होतं पण आमचे नाही आले हो पैसे. चौघांचं तिकीट, दोघं कन्फर्म दोघं वेटिंग, आम्ही कन्फर्मवाले गेलो आणि मुलं बसने आली. आल्यावर टीडीआर भरला दोघांचा. दोन महिन्यांनी नामंजूर. कारण लिहिलं की प्रवासी प्रवास करून गेले. मुलं तर बसमध्ये होती, बसचं तिकीट पण आहे आमच्याकडे. काय चुकलं?

खिडकी_चार | ४.३३

वैशालीताई, तुमची केस वेगळी. कन्फर्मवाले जाणार आणि वेटिंगवाले राहणार, तेव्हा राहिलेल्यांचा टीडीआर गाडी तुमच्या स्टेशनला पोचल्यापासून ७२ तासांत भरता येतो, तेवढं तुम्ही केलंत. पण टीसीला सांगितलंत का की ही दोघं आली नाहीत? तिथेच अडतं. टीसीने गाडीतच त्या दोघांसमोर आले नाहीत अशी नोंद करायला हवी. पूर्वी त्याचा कागदी दाखला टीसीकडून घेऊन दिल्लीला पोस्टाने पाठवायचा असे, आता टीसीच्या हातातल्या मशीनमध्येच नोंद होते. ती नोंद झाली नाही, किंवा टीसीने गर्दीत एका पीएनआरवर सरसकट चौघं हजर असं टाकलं, तर तुमच्या टीडीआरच्या विरुद्ध रेल्वेची स्वतःचीच नोंद उभी राहते. बसचं तिकीट कुणी मागत नाही आणि बघतही नाही. टीसी आला की आधी सांगायचं, आमचे दोन आलेले नाहीत, नोंद करा, आणि ती केली का हे तिथेच विचारायचं.

वैशाली_कणकवली | ४.४०

टीसी पनवेलनंतर आला आणि मोबाइलवर तिकीट बघून पुढे गेला, मी म्हटलं बाकीचे नाहीयेत तर बरं म्हणाला. मशीनमध्ये काही केलं असेल असं वाटत नाही. आता काही होईल का?

खिडकी_चार | ४.४४

नामंजुरीनंतर दाद मागता येते पण ताई खोटी आशा देत नाही, नोंद नसेल तर अवघड आहे.

रोहित_पिंपरी | ५.०२

एक मिनिट, मुळात हे आई आणि मुलगीला रद्द कशाला करायचं? एकाच पीएनआरवर आहेत, नाव चार्टमध्ये आहे, तर त्या डब्यात बसू शकतात की. तिघांच्या बर्थवर पाच जण ॲडजस्ट होतात, आम्ही कितीदा गेलोय. आणि टीसीकडे बर्थ रिकामा राहिला तर तो आधी आरएसीला, मग अशा वेटिंगलाच देतो, वेटिंग १ आणि २ म्हणजे अगदी दारात उभे आहात.

प्रसाद_डोंबिवली | ५.१०

रोहित, १ मे २०२५ पासून वेटिंगवाल्यांना स्लीपर आणि एसीत बसू देत नाहीत, दंड करून जनरलला पाठवतात. आईला भर गर्दीत उतरवलं तर?

रोहित_पिंपरी | ५.१४

तो दंड पूर्ण वेटिंग तिकिटाला. नाव चार्टमध्ये असलेल्याला कसा करतील?

खिडकी_चार | ५.२९

ह्यावर मी छातीठोक काही सांगणार नाही. चार्टमध्ये नाव असलेला वेटिंगवाला विनातिकीट नाही, एवढं पक्कं. पण त्याला बर्थ नाही हेही तितकंच पक्कं, आणि कडक टीसी असला तर कोकणच्या गर्दीत वाद होतोच. मी दोन्ही प्रकारचे टीसी पाहिलेत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला त्या वादात मी तरी नेणार नाही.

माणगावचा_नातू | ५.३५

नाही नेत. ठरलं, पाचही रद्द. काका टीडीआर नेमका कसा भरायचा, मी आयुष्यात भरला नाहीये.

खिडकी_चार | ५.५२

लॉगिन करा, My Transactions मध्ये File TDR असेल, तिथे हा पीएनआर निवडा. मग कारणांची लांबलचक यादी येते. त्यात दोन कारणं अगदी जुळ्या भावांसारखी दिसतात, इथेच हात थांबवा. तुम्हाला हवं ते:

```
Party Partially Confirmed/Waitlisted and All Passengers Did Not Travel
```

त्याच्याच शेजारी असतं Waitlisted Passengers Did Not Travel वालं. ते वैशालीताईंच्या केसचं, म्हणजे कन्फर्मवाले गेले आणि वेटिंगवाले राहिले. घाईत ते निवडलंत तर तुम्हीच लेखी दिल्यासारखं होतं की तिघं प्रवासाला गेले, मग तिघांचे पैसे विसरा. कारण निवडलं की खाली पाचही नावांसमोर खूण करा. एकाची खूण राहिली तर सगळ्यांनी रद्द केलं ही अट मोडते. नाव, वेळ आणि टीडीआर नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा, वेळ महत्त्वाची, कारण तुम्ही ११.३५ च्या आत भरला याचा तो पुरावा.

आणि भरल्यावर मन बदलून गाडीत बसू नका. तीन बर्थ रिकामे जातील त्यावर टीसी दुसऱ्यांना बसवतो. शिवाय कुणी एक जण चढला आणि हजर लागला तर आख्खा दावा फेटाळतात.

सागर_पुणे | ६.२०

माझंही विचारतो यातच. माझं तत्काळ आहे नागपूरचं, कन्फर्म झालंय, मीटिंग रद्द झाली. मी पण टीडीआर भरून ६० रुपये कापून पैसे घेऊ का?

खिडकी_चार | ६.३१

नाही सागरराव, तुमचं नुसतं कन्फर्म तत्काळ आहे, त्यावर स्वतःहून रद्द केल्याचे काही मिळत नाही. वरचं सगळं मिसळलेल्या तिकिटाबद्दल आहे. तुमची गाडीच तीन तासांपेक्षा जास्त उशिरा सुटणार असेल आणि तुम्ही गेला नाहीत, तर मात्र गाडी प्रत्यक्षात सुटायच्या आत टीडीआर भरा, तेव्हा क्लर्केजही न कापता पूर्ण मिळतात.

सागर_पुणे | ६.३६

गाडी तर वेळेवर दाखवतेय. ठीक आहे, धन्यवाद.

भाऊ_राजापूर | ७.०५

मी खिडकीवरून काढलेलं तिकीट होतं, चौघंही वेटिंग, चार्ट लागला तरी वेटिंगच. मुलगा म्हणाला आपोआप येतील पैसे. आठ दिवस वाट बघितली. मग स्टेशनला गेलो तर म्हणाले मुदत गेली. हे कसं काय? वेटिंगचे पैसे पण रेल्वेने ठेवून घ्यायचे म्हणजे अन्यायच नाही का, ज्या जागा दिल्याच नाहीत त्याचे पैसे?

खिडकी_चार | ७.२२

भाऊ, खिडकीच्या कागदी तिकिटाला तुमचं बँक खातं जोडलेलं नसतं, मग पैसे आपोआप जाणार कुठे? ते तिकीट गाडीच्या आधी अर्ध्या तासापर्यंत रद्द व्हायलाच लागतं, वेटिंग असलं तरी. खिडकीवर जाता आलं नाही तर बुकिंगला मोबाइल नंबर दिलेला असेल तर आयआरसीटीसीच्या साइटवरून किंवा १३९ ला फोन करून तेवढ्या वेळेत रद्द करता येतं, आणि मग मूळ तिकीट खिडकीवर देऊन पैसे घ्यायचे. तुमच्या मुलाने ई-तिकिटाचा नियम कागदी तिकिटाला लावला. अन्याय म्हणाल तर मलाही तसंच वाटतं, वेटिंग राहिलं हे रेल्वेला आधीच कळलेलं असतं, निदान मुदत तरी मोठी हवी. नोकरीत असताना वर लिहूनही दिलं होतं मी.

स्नेहल_ठाणे | ७.४०

म्हणजे म्हातारी माणसं असतील तर एकाच पीएनआरवर सगळे घेणं बरं का? आम्ही नेहमी दोन वेगवेगळे काढतो म्हणजे निदान एक तरी कन्फर्म होईल.

खिडकी_चार | ७.५१

ज्यांना एकट्याने पाठवायचं नाही त्यांना सोबतीच्या माणसाबरोबर एकाच पीएनआरवर ठेवा, सहा जणांपर्यंत बसतात. वेगळे काढलेत आणि एक पीएनआर पूर्ण कन्फर्म, दुसरा पूर्ण वेटिंग राहिला, तर वेटिंगवाल्याचे पैसे येतील पण कन्फर्मवाल्याला या नियमाचा काही फायदा नाही. पण ज्या घरात सगळे धडधाकट आहेत आणि जे जातील ते जातील अशी तयारी आहे, तिथे तुमची पद्धतही ठीक.

माणगावचा_नातू | रात्री ८.४८

भरला! पाचही नावांवर खूण केली, तुम्ही सांगितलं तेच कारण निवडलं. पहिल्यांदा साइट मध्येच बंद पडली आणि मी घाबरलो की भरला गेला की नाही, परत जाऊन बघितलं तर नव्हता गेला, दुसऱ्यांदा नंबर आला. म्हणजे ११.२५ ला बसलो असतो तर गेलोच होतो. आई विचारत होती कुणाला फोन लावून बसलायस, तिला सांगितलं की एक काका आहेत. पहाटे चारला गाडी निघतेय, मोदकाचं नारळ घरूनच नेतोय.

खिडकी_चार | ८.५५

छान. आता विसरून जा थोडे दिवस. ज्या रेल्वेच्या हद्दीत गाडी संपते त्यांच्या रिफंड ऑफिसला टीडीआर जातो, ते चार्ट आणि टीसीची नोंद तपासतात, महिना-दोन महिने लागतात. त्याआधी नाही आले म्हणून घाबरू नका.

माणगावचा_नातू | सात आठवड्यांनी

कुणी वाचत असेल तर सांगतो, काल पैसे आले. हिशोब केला होता तसाच, माणशी ६० कापून बाकी सगळे, ज्या खात्यातून बुकिंग केलं त्यातच. कन्फर्मवाल्या तिघांचेही. काका, तुमचे मनापासून आभार, आई तुम्हाला नमस्कार सांगते.

अदिती_नाशिक | त्याच दिवशी

हा धागा शोधत शोधत आले. माझ्या तिकिटावर मी आणि सासूबाई दोघीही आरएसी आहोत, चार्ट लागला तरी आरएसीच, एक बर्थ दोघीत. त्यांना रात्रभर बसवून न्यायचं नाहीये. मैत्रीण म्हणते आरएसी आहे म्हणजे अर्धं वेटिंगच, आपोआप पैसे येतील. गाडी संध्याकाळी ६.२० ची आहे.

खिडकी_चार | दुपारी २.१४

येणार नाहीत. आरएसी म्हणजे गाडीत चढायचा पूर्ण हक्क आणि चार्टमध्ये नाव, म्हणून सिस्टिम काही करत नाही. ५.५० च्या आत दोघींचा टीडीआर भरा, माणशी ६० जातील. पण आधी एक विचारतो, दोघींना एकच बाजूचा बर्थ दिलाय ना? टीसीकडे काही बर्थ मोकळे राहिले तर पहिला मान आरएसीचाच असतो, आणि तुमची गाडी आजची मधल्या वाराची आहे, सणाची नाही.

अदिती_नाशिक | २.२०

हो, बाजूचाच, खालचा. म्हणजे थांबून बघू म्हणता?

खिडकी_चार | २.२६

ते मी नाही सांगू शकत ताई. चढलात तर पैसे परत नाहीत, नाही चढलात तर पूर्ण बर्थ मिळाला असता का हे कधीच कळणार नाही. सासूबाईंना विचारा, त्यांना बसून प्रवास झेपतो का ते. मात्र जे ठरवाल ते पाचच्या आत ठरवा.